घड्याळाचा विमा: काढा, पण नाव-नंबर घालून

“घराचा विमा काढलाय, घड्याळ त्यात आलंच,” असं कुणी म्हणालं की त्याची पॉलिसी त्याच्या हातात द्यावी आणि घड्याळ कुठल्या पानावर आहे ते दाखवायला सांगावं. बहुतेकांना ते पान सापडत नाही, कारण ते नसतंच. हा झाला एक पक्ष. दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा. “विमा कंपन्या कधी पैसे देतात का? हप्ता भरायचा आणि वेळ आली की अटी वाचत बसायचं. त्यापेक्षा भक्कम कपाट घ्या, नाहीतर बँकेत लॉकर घ्या.” पाच-सहा लाखांचं घड्याळ मनगटावर असलेली माणसं या दोनपैकी एका पक्षात बसलेली आढळतात आणि दोघेही आपापल्या जागी निश्चिंत असतात.

माझं म्हणणं असं की दोघेही चुकतात आणि एकाच कारणाने चुकतात. घड्याळावर नेमकी कोणती आपत्ती येते आणि पॉलिसीत तिच्याबद्दल काय लिहिलंय, याचा मेळ दोघांनीही घातलेला नसतो. तो घातला तर उत्तर ‘काढा’ किंवा ‘काढू नका’ इतकं सरळ येत नाही. गेलं तर घरखर्चाचं गणित बिघडेल इतक्या किमतीचं घड्याळ असेल, ते खरोखर वापरात असेल आणि पॉलिसीत ते ठरलेल्या किमतीसह, सिरियल नंबरासह वेगळं नोंदवलेलं असेल, तर विमा काढावा. यातली शेवटची अट पुरी होत नसेल तर हप्त्याचे पैसे वाचवलेले बरे.

आधी पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ, कारण तो संख्येने मोठा आहे आणि फसतोही तोच.

विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एक प्रमाणित पॉलिसी आणली. गृहकर्ज घेताना बँक पुढे सरकवते ती आज बहुधा हीच असते. पॉलिसी चांगली आहे. आग, भूकंप, वादळ, पूर, दंगल हे सगळं तिच्यात आहे. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. हे वाचून माणूस खूश होतो आणि कागद फाइलला लावतो. मात्र चोरीबद्दलचं कलम त्याने वाचलेलं नसतं. या पॉलिसीत चोरी आहे, पण ती वर सांगितलेल्या एखाद्या आपत्तीमुळे आणि त्या आपत्तीपासून सात दिवसांच्या आत झालेली असावी लागते. म्हणजे पुरात घर सोडून जावं लागलं आणि मागे कुणी कपाट उचकटलं, तर भरपाई मिळेल. मंगळवारी दुपारी तुम्ही ऑफिसात असताना कुलूप तोडून कुणी घड्याळ नेलं, तर मूळ पॉलिसीत त्याला जागा नाही. त्यासाठी घरफोडीचं वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, ते आपोआप मिळणारं संरक्षण सर्वसाधारण सामानासाठी आहे. दागिने, चांदीची भांडी, चित्रं, कलावस्तू आणि तत्सम चिजा ‘मौल्यवान वस्तू’ या वेगळ्या सदरात जातात. ते सदर ऐच्छिक आहे. तुम्ही मागितलं तरच मिळतं आणि त्याचा हप्ता वेगळा. घड्याळ ‘तत्सम’मध्ये मोडतं की सामानात, हा वाद क्लेमच्या वेळी घालण्यापेक्षा पॉलिसी घेतानाच नाव घालून मिटवावा. या सदराचा एक मोठा गुण मात्र सांगायला हवा. इथे किंमत आधी ठरवून लिहिली जाते. वस्तू पूर्ण गेली तर तीच रक्कम, घासाघीस नाही. सदराची एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची किंमत १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचं प्रमाणपत्रही मागत नाहीत. आपलं घड्याळ या मर्यादेच्या वर असतं, म्हणून प्रमाणपत्र लागतंच. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरात ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्यांना कपाटातल्या घड्याळाचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. अशा आपत्तीसाठी हे सदर उत्तम. रोज मनगटावर फिरणाऱ्या घड्याळाला ते पुरत नाही, कारण हे संरक्षण घरातल्या वस्तूंसाठी आहे.

“मग घरफोडीचं जोडून घेतो,” असं पहिला पक्ष म्हणेल. घ्या, पण एक लक्षात ठेवा. घरफोडी म्हणजे जबरदस्तीने आत शिरणं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात हे स्पष्ट केलं. पॉलिसीच्या शब्दांत बळाचा वापर अपेक्षित असेल, तर नुसती चोरी पुरेशी नाही. कुलूप, कडी, खिडकी, कशावर तरी जोर लावल्याची खूण हवी. आता आपल्या घरांतलं वास्तव पाहा. घड्याळ जातं ते बहुधा दार न फोडता. रंगकामाला चार माणसं येतात, सत्यनारायणाला तीस येतात, घड्याळ बाथरूमच्या कट्ट्यावर काढून ठेवलेलं असतं. संध्याकाळी ते नसतं. चोरी शंभर टक्के झालेली असते आणि घरफोडीच्या कलमात ती बसत नाही. त्यातून घरच्या माणसाने किंवा नोकराने केलेली चोरी कित्येक पॉलिसींत वेगळ्या कलमाने वगळलेली असते.

उरतं ते ‘ऑल रिस्क’ संरक्षण. घरासाठीच्या जुन्या पॅकेज पॉलिसींत दागिने आणि मौल्यवान वस्तूंचा हा विभाग पूर्वीपासून आहे, आणि आजही बऱ्याच कंपन्या तो वेगवेगळ्या नावांनी देतात. परदेशात फक्त घड्याळाची पॉलिसी सहज मिळते. आपल्याकडे घड्याळाला बहुधा या विभागाचं दार ठोठावावं लागतं. वस्तू घरात असो, अंगावर असो की सोबत नेलेली असो, भारतात कुठेही अपघाताने किंवा दुर्दैवाने तिचं नुकसान झालं वा ती गेली, तर भरपाई, असं त्याचं स्वरूप. देशाबाहेरचं हवं असेल तर जादा हप्ता. मनगटावरच्या घड्याळाला खरा उपयोग याच विभागाचा.

पण ‘ऑल रिस्क’ म्हणजे सगळे धोके असं एजंट सांगतो तेव्हा त्याला वगळलेल्या गोष्टींची यादी वाचायला लावावी. घड्याळांसाठी तिच्यात एक खास ओळ असते: जादा चावी दिल्याने झालेला बिघाड, पोचे आणि आतल्या यंत्राचं नुकसान वगळून. त्याशिवाय झीज, यांत्रिक बिघाड, आणि साफसफाई किंवा दुरुस्ती चालू असताना झालेली हानी हेही वगळलेलं. ही ओळ किती महाग पडते ते एका उदाहरणात पाहू. अलिबागला समुद्रात उतरलात, घड्याळावर १०० मीटर लिहिलेलं आहे, तरी दुसऱ्या दिवशी काचेच्या आत वाफ दिसते. सर्व्हिस सेंटर उघडून पाहतं. मागच्या झाकणाखालची रबराची रिंग कडक होऊन गेलेली, खारं पाणी आत, यंत्राला गंज. दुरुस्तीचा आकडा पन्नास हजारांच्या पुढे. सर्व्हेअर सर्व्हिस सेंटरचा अहवाल मागतो. त्यात ‘रिंग जुनी झाल्याने पाणी शिरलं’ असं लिहिलं असेल तर ती झीज, आणि नुकसान यंत्राचं. दोन्ही दारं बंद. हेच घड्याळ धक्क्यावर आपटून काच तडकली आणि त्यातून पाणी गेलं असतं, तर ती एका ओळखता येणाऱ्या अपघाताची गोष्ट झाली असती. निदान भांडायला जागा राहिली असती. म्हणून पोहणाऱ्याने दर वर्षी पाण्याच्या दाबाची चाचणी करून तिची पावती ठेवावी. रिंग ठीक होती हे दाखवायला दुसरं काही हाताशी नसतं.

हरवण्याचंही असंच. पट्ट्याची पिन सुटते, दादरच्या पुलावरच्या गर्दीत घड्याळ कधी पडलं हे कळतही नाही. घरी आल्यावर मनगट मोकळं. ‘भारत गृह रक्षा’त हरवलेली, कुठे ठेवली ते आठवत नसलेली किंवा एखाद्या नेमक्या घटनेशी जोडता न येणारी वस्तू सरळ वगळली आहे. ऑल रिस्कच्या बहुतेक शब्दरचनांतही ‘गूढ रीतीने नाहीशी झाली’ हे चालत नाही. इथे पोलीस ठाण्यात काय लिहून घेतलं जातं याला फार महत्त्व येतं. ठाण्यात गेलं की गहाळ वस्तूची नोंद करा, ऑनलाइन दाखला मिळतो, असं सांगून वाटेला लावण्याकडे कल असतो. सिमकार्ड किंवा ओळखपत्रासाठी तो दाखला ठीक. घड्याळ खरोखर चोरीला गेलं असेल आणि तुम्ही ‘गहाळ’चा दाखला घेऊन आलात, तर वस्तू हरवली असं तुम्हीच लिहून दिलेलं असतं. चोरी असेल तर एफआयआरचाच आग्रह धरावा. भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये, हिसकावून नेणं ३०४ मध्ये, राहत्या घरातली चोरी ३०५ मध्ये येते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. आणि जे झालं तेच सांगावं. हरवलेलं घड्याळ चोरीला गेलं असं सांगणाऱ्याचं क्लेमबरोबर बरंच काही जातं.

आता या साऱ्यात सर्वांत कमी लोकांच्या ध्यानात येणारी गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. ती एका हिशेबाने मांडतो. घर कल्पित आहे, पण अशी घरं गल्लोगल्ली आहेत.

ठाण्यातलं एक जोडपं. २०२१ साली त्यांनी पॅकेज पॉलिसी घेतली. घरात १० लाखांचं सोनं आणि नवऱ्याचं ५ लाखांचं स्विस घड्याळ. एजंटने फॉर्मवर एकच ओळ लिहिली: ‘दागिने व मौल्यवान वस्तू, १५ लाख’. यादी जोडली नाही. दर वर्षी पॉलिसीचं नूतनीकरण झालं, रक्कम तीच राहिली. २०२१ च्या सुरुवातीला तोळ्याला पन्नास हजारांच्या आसपास असलेलं सोनं एप्रिल २०२५ मध्ये लाखाला जाऊन पोचलं आणि पुढेही चढत राहिलं. मध्ये घरात थोडी भरही पडली. म्हणता म्हणता त्यांचं सोनं २४ लाखांचं झालं. घड्याळ ६ लाखांचं. एकूण माल ३० लाखांचा, विमा १५ लाखांचा. आणि एके दिवशी हॉटेलच्या खोलीचं दार फोडून घड्याळ गेलं. कागद चोख, एफआयआर चोख, क्लेम मान्य.

त्यांना मिळाले ३ लाख. त्यातूनही पहिली ठरावीक रक्कम वजा. कारण पॉलिसीत प्रमाणाचं कलम होतं. मालाच्या खऱ्या किमतीच्या निम्म्याचा विमा काढला असेल, तर उरलेल्या निम्म्याचे विमाकर्ते तुम्ही स्वतः असं ते कलम मानतं आणि दर नुकसानीला तोच निम्मा लावतं. सोन्याला कुणी हातही लावला नव्हता, पण सोन्याचा भाव चढला म्हणून घड्याळाची भरपाई उतरली. ‘१५ लाखांचा विमा आहे आणि ६ लाखांचंच घड्याळ गेलंय, मग पूर्ण का नाही?’ असं विचारणारा माणूस अडाणी नसतो. त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

याच जोडप्याने २०२१ मध्ये घड्याळ वेगळ्या ओळीत, नाव-नंबर घालून, ५ लाखांना लिहिलं असतं आणि पुढे एकदाही आकडा वाढवला नसता, तरी त्यांना ५ लाखांच्या आसपास मिळाले असते. एकच वस्तू वेगळी नोंदवली असेल आणि ती पूर्ण गेली, तर प्रमाणाचा हिशेब करूनही विमारकमेइतकाच आकडा येतो. कमी विम्याचा फटका तिथे दुरुस्तीच्या वेळी बसतो. ६ लाखांच्या घड्याळाचा ५ लाखांचा विमा असेल, तर ६० हजारांच्या दुरुस्तीचे ५० हजार मिळतील, इतकंच. ‘भारत गृह रक्षा’त कमी विम्याचं हे कलम लावत नाहीत, हाही तिचा एक गुण. पण पॅकेज आणि ऑल रिस्कमध्ये ते आहे की नाही हे प्रत्येकाने आपल्या कागदावर पाहायचं. यादी नसताना एका वस्तूला विमारकमेच्या अमुक टक्क्यांहून जास्त देणार नाही, अशीही मर्यादा काही पॉलिसींत असते. वेगळी ओळ लिहिली की तीही आड येत नाही.

दुसरा पक्ष एव्हाना गालात हसत असेल. “आम्ही हेच म्हणत होतो!” तर त्यांच्याकडे वळू.

त्यांचा पहिला मुद्दा हप्त्याचा. हिशेबासाठी शेकडा एक असा दर धरू. शहर, वापर, कपाट, मागचे क्लेम यांप्रमाणे तो वरखाली होतो. ६ लाखांच्या घड्याळाला वर्षाला ६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,०८०. एकूण ७,०८०. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला. हा गेलेला नाही. दहा वर्षांत सत्तर हजारांवर भरणा. आणि शंभरांतल्या एका घड्याळापेक्षा कमी घड्याळं दर वर्षी जात असतील तर हा सौदा सरासरीने तोट्याचा. हे गणित बरोबर आहे आणि मी ते मान्य करतो. विमा सरासरीने तोट्याचाच असतो. नसता तर कंपन्या चालल्या नसत्या. पण तेवढ्यावरून ‘काढू नका’ असं निघत नाही. ७,०८० रुपये दर वर्षी बाजूला टाकणाऱ्याजवळ दुसऱ्या वर्षाअखेर जेमतेम चौदा-पंधरा हजार असतात. घड्याळ दुसऱ्याच वर्षी गेलं तर? ज्याला ६ लाख पुन्हा सहज उभे करता येतात, किंवा गेलं तर गेलं म्हणून जो दुसऱ्या दिवशी कामाला लागतो, त्याने खुशाल विमा टाळावा. साठ हजारांच्या घड्याळालाही मी विमा सुचवणार नाही. कागदपत्रांच्या खटाटोपाच्या मानाने हाती फार थोडं लागतं. पण बारा-पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर एकदाच घेतलेलं घड्याळ, किंवा एकाच कपाटात पाच घड्याळं ठेवणारा हौशी माणूस, यांचं तसं नाही. पाच घड्याळं एका रात्रीत जातात.

त्यांचा दुसरा मुद्दा लॉकरचा, आणि तो मात्र साफ चूक आहे. लॉकरमध्ये ठेवलं म्हणजे बँक जबाबदार, हा समज खोलवर रुजलेला आहे. रिझर्व्ह बँकेचे लॉकरबद्दलचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यांत आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत ठरवलेली आहे. भाडं ३,००० असेल तर कमाल ३ लाख, मग आत ६ लाखांचं घड्याळ असो की ६० लाखांचे दागिने. बँकेच्या चुकीशिवाय भूकंप-पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत झालेल्या नुकसानीला तेवढंही नाही. लॉकर घ्यावा, चोरी टळण्यासाठी तो चांगलाच आहे, आणि घड्याळ लॉकरमध्ये असतं म्हटल्यावर विम्याचा दरही कमी करून मागता येतो. फक्त लॉकरला विमा समजू नये. आणि तिथेच ठेवायचं तर घड्याळ घेतलं कशाला, हा प्रश्न मी लॉकरवाल्यांच्या घरच्यांवर सोडतो.

“कंपन्या पैसे देत नाहीत” हा त्यांचा तिसरा मुद्दा. काही वेळा खरोखर देत नाहीत, आणि अन्यायाने देत नाहीत. पण नाकारलेल्या क्लेमचं पत्र वाचलं तर बऱ्याचदा दोनपैकी एक कारण दिसतं: एक तर घडलेली घटना पॉलिसीत नव्हतीच, किंवा वस्तू होती, तुमची होती आणि इतक्या किमतीची होती हे सिद्ध झालं नाही. पहिल्या कारणाबद्दल वर लिहिलं. दुसऱ्यावर उपाय आपल्या हातात आहे, तो म्हणजे कागद. यात जितकी ढिलाई दिसते तितकी दुसऱ्या कशातही नाही.

सुरुवात बिलापासून. बिलावर मॉडेलचा नंबर असतो आणि घेणारा समाधानाने घरी येतो. मॉडेल नंबर हजारो घड्याळांना एकच असतो. आपल्याला हवा तो त्या एका घड्याळाचा सिरियल नंबर. दुकानदाराकडून तो बिलावर लिहून घ्यावा. तो घड्याळावरही स्वतः शोधावा. जुन्या रोलेक्समध्ये तो सहाच्या बाजूला, पट्टा केसला जोडतो तिथे कोरलेला असतो आणि पट्टा काढल्याशिवाय दिसत नाही; साधारण २००५ नंतर तो तबकडीभोवतीच्या आतल्या कड्यावर येत गेला. बऱ्याच कंपन्या मागच्या झाकणावर देतात. त्या नंबराचा स्पष्ट फोटो, तबकडीचा फोटो, आणि घड्याळ तुमच्या मनगटावर असतानाचा एक फोटो, एवढं दहा मिनिटांचं काम.

नंतर नाव. बिलावर कुणाचं नाव आहे? धंदेवाईक माणूस फर्मच्या नावाने बिल करतो आणि घराची पॉलिसी असते स्वतःच्या किंवा बायकोच्या नावावर. लग्नात सासऱ्यांनी जावयाला घड्याळ दिलेलं असतं, बिल सासऱ्यांच्या नावावर. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर शांतपणे विचारतो, हे तुमचं कशावरून? सासऱ्यांकडून ‘अमुक नंबरचं घड्याळ अमुक तारखेला जावयाला भेट दिलं’ असं सहीनिशी चार ओळींचं पत्र घेऊन बिलाला जोडलं की हा प्रश्न संपतो. ते सासरे हयात आणि खूश असतानाच घ्यावं. फर्मच्या घड्याळाचा विमा फर्मच्या नावानेच काढावा.

वॉरंटी कार्ड म्हणजे मालकीचा पुरावा, हाही एक समज. रोलेक्सच्या २०२० पासूनच्या कार्डावर घेणाऱ्याचं नावच नसतं. कार्ड हे घड्याळ अस्सल असल्याचं सांगतं, ते तुमचं असल्याचं सांगत नाही. वॉरंटी तर फक्त कंपनीच्या दोषापुरती. चोरी आणि आपटण्याशी तिचा संबंध नाही. मालकी बोलते ती पैशाच्या वाटेवरून: कार्डाचं किंवा खात्याचं स्टेटमेंट, बिलावरचा पॅन. २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घ्यायला विक्रेत्याला आयकर कायद्याने बंदी आहे, तेव्हा ‘रोखीत घेतलं, पक्कं बिल नाही’ हे सहा लाखांच्या घड्याळाबद्दल सर्व्हेअरला सांगून पाहाच. १० लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएस घेतला जातो आणि तो तुमच्या २६एएसमध्ये दिसतो. कर म्हणून तो टोचतो, पुरावा म्हणून मात्र फुकट मिळालेला आहे.

दुबईहून हातात घालून आणलेल्या घड्याळाचं काय? कस्टम्सचं शुल्क भरल्याची पावती असेल तर विमा होऊ शकतो. नसेल तर तो विषय काढू नये हेच शहाणपण. २०२१ च्या नोव्हेंबरात मुंबई विमानतळावर हार्दिक पंड्याच्या घड्याळाची बातमी गाजली, तेव्हा ५ कोटींचे आकडे छापून आले आणि ते साधारण दीड कोटीचं आहे असं त्याला जाहीर सांगावं लागलं. घड्याळाची किंमत हा असा वादाचा विषय असतो, आणि म्हणूनच मूल्यांकनाचं प्रमाणपत्र दर दोन-तीन वर्षांनी नवं करावं. ते किंमत वाढवण्यासाठीच असतं असं नाही. भारत-एफ्टा करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि त्यात स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरायचं आहे. नवीन घड्याळ स्वस्त झालं तर जुना चढा आकडा धरून हप्ता भरत राहण्यात अर्थ नाही, कारण किंमत आधी ठरवून घेतलेली नसेल तर कंपनी त्या दिवशीच्या बाजारभावानेच देणार.

आजोबांच्या फेवर-ल्युबाला बिल कुठून आणणार, असं कुणी विचारेल. अशा घड्याळासाठी मूल्यांकनाच्या जोडीला सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड उपयोगी पडतं. त्यावर तुमचं नाव, तारीख, नंबर आणि घड्याळाची अवस्था तिऱ्हाइताने लिहिलेली असते. नव्या घड्याळालाही ते लागू. घड्याळ दुरुस्तीला टाकताना चिठ्ठीवर नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

आणि हे सगळं घड्याळाच्या खोक्यात ठेवू नये! खोकं आणि कार्ड असेल तर घड्याळाला जास्त भाव येतो हे चोरालाही ठाऊक असतं. तो खोक्यासकट नेतो. स्कॅन करून ई-मेलवर ठेवावं, मूळ कागद दुसऱ्या जागी.

पॉलिसी घेताना हे कागद एजंटच्या हातात न देता कंपनीला ई-मेलने पाठवावेत आणि पोच घ्यावी. जून २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकात कागदपत्रं विमा उतरवतानाच मागवावीत आणि केवळ कागद नाहीत म्हणून क्लेम नाकारू नये असं आहे. तुम्ही आधीच पाठवले असतील तर या नियमाला धार येते. पॉलिसी आली की शेड्यूलच्या पानावर ब्रँड, मॉडेल, सिरियल नंबर आणि रक्कम वेगळ्या ओळीत आहे का पाहावं. नसेल तर दुरुस्ती मागावी. ‘आहे साहेब सिस्टममध्ये’ हे उत्तर स्वीकारू नये.

प्रसंग आलाच तर एफआयआर आणि कंपनीला कळवणं दोन्ही त्याच दिवशी. एफआयआरमध्ये ‘एक मनगटी घड्याळ’ इतकंच लिहू देऊ नये. नंबर घालावा, बिलाची प्रत जोडावी. ठाण्यात किंमत जुन्या बिलाप्रमाणे लिहून घेण्याची सवय असते, तेव्हा सोबत मूल्यांकनाचं प्रमाणपत्रही द्यावं, नाहीतर एकाच घड्याळाच्या दोन किमती दोन कागदांवर दिसतात. तपास लागला नाही तर पोलीस ‘ए समरी’ अहवाल न्यायालयात देतात, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. कंपनी बहुधा त्याची प्रत मागते. यात महिने जातात, म्हणून पाठपुरावा आपणच ठेवायचा. पैसे देताना कंपनी एका पत्रावर सही घेते; त्यानंतर घड्याळ सापडलं तर ते कंपनीचं. आजोबांच्या घड्याळाच्या बाबतीत सही करण्याआधी हे वाक्य दोनदा वाचावं, आणि सापडल्यास रक्कम परत करून घड्याळ घेता येईल का ते लेखी विचारावं.

क्लेम नाकारला किंवा कापला आणि तो चुकीचा वाटला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहायचं. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार तिथे चालते, कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत ती करावी लागते, वकील लागत नाही आणि फी नाही. लोकपालाचं कार्यालय मुंबईतही आहे आणि पुण्यातही.